विन्हेऱ्याचा वि

“लघु-गुरू डोळ्यांनी मोजायचे असतात, कानांनी नव्हे,” असे पोलादपूरचे एक निवृत्त गुरुजी मला म्हणाले, आणि तेव्हापासून हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. निमित्त साधे होते. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या त्यांच्या नातीने एका ओळीचा लगक्रम लावताना ‘तुझ्या’ या शब्दातला ‘तु’ लघु धरला होता. मार्गदर्शिकेच्या उत्तरसूचीत तो गुरू होता. पोरीने दोनदा शब्द उच्चारून पाहिला, तिला काही तो गुरू वाटेना. गुरुजींनी उत्तरसूचीची बाजू घेतली. पुढे जोडाक्षर दिसते आहे ना, मग मागचे अक्षर गुरू. त्यात ऐकायचे काय? मुलीने मुकाट्याने खूण बदलली. ती खूण बदलली जाताना मला राग आला, कारण तिच्या कानाने बरोबर सांगितले होते आणि तिला तो कान बंद करायला शिकवले गेले.

लघु म्हणजे एक मात्रा, गुरू म्हणजे दोन. ह्रस्व स्वराचे अक्षर लघु, दीर्घ स्वराचे किंवा अनुस्वार-विसर्गाचे गुरू. तीन-तीन अक्षरांचे आठ गण आणि ते लक्षात ठेवायला ‘यमाताराजभानसलगा’ ही माळ. हे सगळे शाळेत गेलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी घोकले आहे, म्हणून त्यावर शब्द खर्च करत नाही. मला बोलायचे आहे ते फक्त जोडाक्षराच्या नियमाबद्दल, कारण गोंधळ होतो तो तिथेच.

तो नियम आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांत गुरुजी म्हणाले तसा नाही. पुस्तके सांगतात की जोडाक्षरामुळे मागच्या ह्रस्व अक्षरावर आघात येत असेल तर ते गुरू मानावे, येत नसेल तर ते लघुच राहते. ‘पुष्प’मधला ‘पु’ गुरू, ‘तुझ्या’मधला ‘तु’ लघु. म्हणजे पुस्तकाचा कौल नातीच्या बाजूने आहे. पण एवढे सांगून वाद संपत नाही. गुरुजींनी हा नियम कशासाठी सोडला हे समजून घ्यायला हवे. ते म्हणाले, “आघात म्हणजे काय ते सांगा. मी ‘तुझ्या’ म्हणताना ‘तु’वर जोर दिला की झाला आघात. पोरे हवा तिथे आघात आणतात. डोळ्यांना दिसणारे जोडाक्षर तेवढे खोटे बोलत नाही.” हा आक्षेप खरा आहे. वर्गात चाळीस मुलांना ‘आघात येतो का ते पाहा’ असे सांगितले, तर वीस जणांना तो येतो आणि वीस जणांना येत नाही.

इथे मला दोन गोष्टी वेगळ्या कराव्याशा वाटतात आणि या लेखात मी त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा येणार आहे. एक म्हणजे वजन, दुसरी म्हणजे जोर. वजन हे उच्चाराच्या एखाद्या तुकड्याच्या बांधणीत असते. तुकडा ह्रस्व स्वरावर उघडा संपत असेल तर तो हलका. त्यात दीर्घ स्वर असेल किंवा शेवटी व्यंजनाने तो मिटत असेल तर तो जड. जोर ही निराळी गोष्ट आहे. बोलताना एखादा तुकडा आपण इतरांपेक्षा अधिक ठासून म्हणतो, तो जोर. जगातल्या कितीतरी भाषांत आधी वजन ठरते आणि त्यावरून जोर. लॅटिनचा नियम याचा चोख नमुना आहे. शब्दातला शेवटून दुसरा तुकडा जड असेल तर जोर त्यावर; हलका असेल तर जोर एक पाऊल मागे, शेवटून तिसऱ्यावर. शब्द कधी न ऐकलेला असला तरी वजन कळले की जोर कुठे द्यायचा ते कळते.

आपले पुस्तक ही वाट उलटी चालते. ते म्हणते, आधी जोर पाहा आणि त्यावरून वजन ठरवा. पण मराठीत जोर इतका सौम्य असतो की त्यावर काही ठरवणे म्हणजे वाळूवर भिंत बांधणे आहे. ‘महाड’ म्हणताना आवाज ‘हाड’कडे झुकतो हे जाणवते, कारण ‘म’ हलका आहे आणि ‘हाड’ जड. पण ‘पोलादपूर’ घ्या. पो, लाद, पूर, तिन्ही तुकडे जड. जोर कशावर? कोणी पहिल्यावर सांगेल, कोणी दुसऱ्यावर, आणि दोघांचेही उच्चार कानाला मराठीच वाटतील. नुसती जोराची जागा बदलून अर्थ बदलला, असे आपल्या भाषेत होत नाही. ज्या गोष्टीने अर्थ बदलत नाही तिच्याकडे कानही फारसा लक्ष देत नाही. मग मुलांनी तिच्यावरून लघु-गुरू कसे ठरवावेत?

पुस्तक ज्याला आघात म्हणते तो खरे तर जोर नाहीच. ते मिटणे आहे. ‘पुष्प’ शब्द सावकाश दोन श्वासांत म्हणून पाहा. तो ‘पुष्’ आणि ‘प’ असा फुटतो. जोडाक्षरातले पहिले व्यंजन मागे सरकले आणि त्याने ‘पु’चे तोंड मिटवले, म्हणून ‘पु’ जड झाला. आता ‘तुझ्या’ तसाच म्हणा. तो ‘तुझ्’ आणि ‘या’ असा फुटत नाही. तो ‘तु’ आणि ‘झ्या’ असा फुटतो. जोडाक्षर अखंड पुढच्या तुकड्यात गेले, ‘तु’ उघडाच राहिला, म्हणून हलका. ‘तु’वर तुम्ही कितीही जोर द्या, तो मिटत नाही. गुरुजींच्या आक्षेपाला हे उत्तर आहे. जोर पोरे हवा तिथे आणू शकतात, पण शब्द कुठे फुटतो ते बोलणाऱ्याच्या मर्जीवर नसते. ‘सत्य’, ‘विद्या’, ‘पत्र’ हे शब्द फोडले तर व्यंजन चक्क दुप्पट होऊन दोन्हीकडे वाटले जाते: सत्-त्य, विद्-द्या, पत्-त्र. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द बहुधा असे मिटतात. मराठीने स्वतः घडवलेली सामान्यरूपे, ‘तुझा’चे ‘तुझ्या’ किंवा ‘सुरा’चे ‘सुऱ्या’, मिटत नाहीत.

म्हणून डोळ्यांवर विसंबणे धोक्याचे. एकाच लिखाणात दोन वजने दडलेली असतात. ‘पुण्यास’ हा शब्द घ्या. पुणे शहराकडे जाणारा माणूस ‘पुण्यास’ जातो तेव्हा ‘पु’ हलका असतो: पु-ण्यास. धर्मातल्या पुण्याला कोणी मुकतो, ‘पुण्यास’ मुकतो, तेव्हा तो जड असतो: पुण्-ण्यास. अक्षरे एकच, मात्रा वेगळ्या. मुलीचे नाव ‘दिव्या’ आणि ‘दिव्याखाली अंधार’ यांतही तोच फरक आहे. नावातला ‘दि’ जड, समईच्या दिव्यातला हलका. डोळ्यांनी मोजणाऱ्याने या जोड्या कशा सोडवाव्यात?

हा प्रश्न मी गुरुजींना विचारला. ते म्हणाले, “असे शब्द किती निघतील? अपवादासाठी नियम मोडायचा नसतो.” तेव्हा मी त्यांना त्यांच्याच तालुक्याच्या शेजारचे उदाहरण दिले. महाड तालुक्यात कोकण रेल्वेचे विन्हेरे स्थानक आहे. डोळ्यांना ‘न्ह’ हे जोडाक्षर दिसते, म्हणून ‘वि’ गुरू, आणि शब्द होतो गा गा गा, म्हणजे मगण. पण त्या गावातला कोणी माणूस ‘विन्-हेरे’ म्हणत नाही. तो ‘वि-न्हे-रे’ म्हणतो. मराठीत न्ह, म्ह, ल्ह, व्ह, ऱ्ह हे लिहिताना दोन व्यंजने असले तरी बोलताना एकच महाप्राण आवाज असतात, जसे ख किंवा घ. लिपीने ख ला स्वतंत्र अक्षर दिले आणि न्ह ला दिले नाही, एवढाच फरक. म्हणून ‘तुम्ही’तला ‘तु’, ‘नव्हे’तला ‘न’, ‘कुऱ्हाड’मधला ‘कु’ हे सगळे लघु. विन्हेरे हा शब्द ल गा गा, यगण.

यगण म्हटल्यावर भुजंगप्रयात आठवते, कारण त्याच्या चरणात चार यगण एकामागून एक येतात: ल गा गा, ल गा गा, ल गा गा, ल गा गा. बारा अक्षरे, वीस मात्रा. म्हणून मी तिथेच एक ओळ रचली: ‘विन्हेऱ्यास गाडी पहाटेस येते’. तिचे गण पाडले तर विन्हेऱ्या, सगाडी, पहाटे, सयेते, असे चारही यगण येतात. कोणत्याही चालीत ती म्हणून पाहा, कुठे अडत नाही. आता ‘वि’ला गुरू समजून, ‘विन्’ असा ताणून म्हणा. पहिल्याच पावलावर ओळ ठेचकाळते. गुरुजींनी ती दोन्ही प्रकारे म्हणून पाहिली, आणि दुसऱ्या वेळी थांबले. या एका मुद्द्यावर आमचे एकमत झाले.

इथे थोडे आडवाटेला जातो, कारण या भागात फिरताना लघु-गुरू पायाशी येतात. ज्या भुजंगप्रयाताची ओळ मी रचली त्याचा मराठी माणसाच्या कानावर सर्वांत खोल संस्कार केला तो समर्थ रामदासांच्या ‘मनाच्या श्लोकां’नी. ते २०५ श्लोक सगळेच्या सगळे या वृत्तात आहेत. आणि ज्या शिवथरघळीत दासबोध लिहिला गेला असे परंपरा सांगते ती घळ महाड तालुक्यातच आहे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये ती शोधून काढली. दासबोध मात्र ओवीत आहे, वीस दशक आणि दोनशे समास, आणि ओवीत लघु-गुरूंचा क्रम नसतो. एकाच कवीच्या एका ग्रंथात प्रत्येक अक्षराचे वजन मोजलेले आणि दुसऱ्यात वजनाकडे पाहिलेलेच नाही. माधव जूलियनांनी ‘छंदोरचने’त मराठी पद्याचे वृत्त, जाती आणि छंद असे तीन भाग केले. वृत्तात लघु-गुरूंचा क्रम ठरलेला, जातीत मात्रांचे गट ठरलेले, आणि छंदाला त्यांनी ‘लगत्वभेदातीत’ म्हटले, म्हणजे लघु-गुरूंच्या भेदापलीकडचा. ओवी आणि अभंग त्या तिसऱ्या भागात बसतात. म्हणून ओवीचा लगक्रम लावा असा प्रश्न परीक्षेत कोणी घातला तर तो प्रश्नच चुकीचा असतो. उत्तरात येणारा क्रम दर ओवीला बदलेल आणि त्यातून काही सिद्ध होणार नाही.

गावांच्या आणि नद्यांच्या नावांनाही आपापले वृत्त असते. महाडला वळसा घालणारी सावित्री नदी भुजंगप्रयातात कधीच शिरू शकत नाही. ‘सा’ गुरू, ‘वि’ पुढच्या त्र मुळे मिटून गुरू, ‘त्री’ गुरू. सलग तीन गुरू. भुजंगप्रयातात दोन गुरूंनंतर लघु यावाच लागतो, म्हणून तिथे तीन गुरू एकत्र बसवायला जागाच नाही. महाडची दुसरी नदी गांधारी, तिचीही हीच अडचण. पण याच नद्या मंदाक्रांतेच्या दारात थेट उभ्या राहतात, कारण मंदाक्रांतेची सुरुवातच चार गुरूंनी होते. मग पाच लघु आणि एक गुरू, मग गा ल गा गा ल गा गा. महाबळेश्वराहून पोलादपूरकडे उतरणाऱ्या नदीची ओळ अशी करता येते: ‘सावित्रीच्या उतरणिवरी धावते लाल पाणी’. सा-वि-त्री-च्या हे चार गुरू, उ-त-र-णि-व हे पाच लघु आणि री गुरू, आणि पुढचे सात ठरल्या क्रमाने. ‘उतरणी’चा ‘णी’ इथे ऱ्हस्व करावा लागला. कवींना वृत्तासाठी एवढी मुभा असते. मंदाक्रांता म्हटले की मेघदूत आले, आणि मेघदूत मराठीत आणणाऱ्यांपैकी एक, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, हे महाडजवळच्या नाते गावचे. नाते, गा गा. इथून पुन्हा मुख्य रस्त्याला लागतो.

विन्हेऱ्यावर एकमत झाले तरी गुरुजी हरले नव्हते. त्यांनी माझ्याच शस्त्राने मला गाठले. ते म्हणाले, “तुम्ही कानाने मोजता ना? मग ‘महाड’ म्हणा. किती तुकडे झाले?” मी म्हटले, दोन: म आणि हाड. “आणि वृत्तात किती अक्षरे मोजता?” तीन: म, हा, ड. ल गा ल. “मग तो तिसरा ‘ड’ तुम्हाला कुठे ऐकू आला? तुमच्या ओळीत ‘पहाटेस’मधला ‘स’ तुम्ही लघु धरलात. बोलताना कोणी त्याला अ लावतो का? तो तर ‘टेस्’ असा मिटतो. तुमचा कान खरा मानला तर तुमच्या ओळीत बारा नाही, दहाच तुकडे आहेत. तुम्हीसुद्धा कागदावर पाहूनच मोजता.”

याचे उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हते, आणि हा मुद्दा आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठा आहे हे मला लगेच कळले. मराठीने शब्दाच्या शेवटचा अ कधीच टाकून दिला. आपण ‘घर’ लिहितो आणि ‘घर्’ म्हणतो. शब्दाच्या मधलाही अ कित्येकदा जातो: ‘कापडे’ आपण ‘काप्-डे’ म्हणतो, ‘बिरवाडी’ हे ‘बिर्-वाडी’, तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ हे ‘उम्-रठ्’. वृत्त मात्र त्या गेलेल्या अ ला अजून जिवंत धरून मोजते. मी तोवर असे समजत होतो की लगक्रमाचा अभ्यास म्हणजे बोललेल्या मराठीचे मोजमाप. ते तसे असेल तर ‘महाड’ला ल गा ल म्हणणे खोटे आहे, आणि ते खोटे असेल तर अभ्यासच टाकून द्यायला हवा. काही काळ मला तसेच वाटू लागले होते. मुलांना जी गोष्ट ऐकू येत नाही ती मोजायला का लावायची?

पण घरी येऊन मी तीच ओळ दोन्ही रीतींनी मांडली, या वेळी तुकड्यांची संख्या नव्हे तर मात्रा मोजत. कागदाच्या रीतीने बारा अक्षरांच्या वीस मात्रा होत्याच. कानाच्या रीतीने दहा तुकडे झाले: वि एक, न्हे दोन, ऱ्यास तीन, गा दोन, डी दोन, प एक, हा दोन, टेस तीन, ये दोन, ते दोन. बेरीज वीस. ‘टेस’मध्ये दीर्घ ए च्या दोन मात्रा आणि मिटवणाऱ्या स् ची एक, मिळून तीन. कागदावर तेच ‘टे’ गुरू आणि ‘स’ लघु, दोन अधिक एक. गेलेल्या अ ची मात्रा हरवलेली नाही. ज्या व्यंजनावर तो बसला होता त्या व्यंजनानेच ती मागच्या तुकड्यात नेऊन ठेवली.

मग एकामागून एक नावे मोजली. महाड: कागदावर एक, दोन, एक; कानात म एक, हाड तीन; दोन्हीकडे चार. रायगड: कागदावर दोन, एक, एक, एक, कानात राय तीन, गड दोन, दोन्हीकडे पाच. उमरठ: कागदावर चार लघु, कानात दोन जड तुकडे, दोन्हीकडे चार. कापडे: पाच आणि पाच. बिरवाडी: सहा आणि सहा. पोलादपूर: कागदावर दोन, दोन, एक, दोन, एक, कानात पो दोन, लाद तीन, पूर तीन, दोन्हीकडे आठ. वरंध: कागदावर एक, दोन, एक; कानात व एक, रंध तीन; दोन्हीकडे चार. क्रम बदलतो, तुकडे कमी होतात, पण वजनाची बेरीज टिकते.

म्हणजे गुरुजी आणि मी दोघेही अर्धे चूक होतो. त्यांच्या मते कानाला काही कळत नाही. माझ्या मते कागद काही सांगत नाही. खरे असे आहे की कागद आणि कान एकच वजन दोन मापांनी मोजतात. कागद त्याचे लहान भाग करून ओळीने मांडतो, म्हणून वृत्ताचा ठरलेला क्रम तपासायला कागदच लागतो. कान ते मोठ्या भागांत ऐकतो, म्हणून जोडाक्षर मागच्या अक्षराला मिटवते की नाही हे त्यालाच कळते. एका कामाला एक, दुसऱ्याला दुसरा.

कागदाच्या बाजूने आणखी दोन गोष्टी मला कबूल कराव्या लागल्या. एक अशी की आपल्या लिपीने एका ठिकाणी वजन चक्क डोळ्यांना दाखवले आहे. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ पाहा. पोलादपूरच्या आसपासच्या डोंगरांतल्या दऱ्या लिहिताना र खाली आडवा वळसा घेऊन य ला जोडला जातो. समुद्राच्या दर्यात तोच र डोक्यावर रफार होऊन बसतो. पहिल्यात ‘द’ उघडा आणि लघु, दुसऱ्यात ‘दर्’ असा मिटून गुरू. ‘आचाऱ्यास’ आणि ‘आचार्यास’ यांत तर माणूसच बदलतो. एवढा बारीक भेद लिपीने राखला आहे, तेव्हा डोळ्यांना सरसकट नाकारणे बरोबर नाही. दुसरी गोष्ट ऱ्हस्व-दीर्घाची. शब्दाच्या मधल्या इ आणि उ ची लांबी बोलताना फार पुसट होते. ‘जीवन’ मधला ‘जी’ आणि ‘जिवलग’ मधला ‘जि’ घाईच्या बोलण्यात सारखेच ऐकू येतात. तिथे कान निर्णय देऊ शकत नाही आणि शुद्धलेखनावरच जावे लागते. ‘पोलादपूर’चा ‘पू’ दीर्घ, पण ‘पोलादपुरात’ म्हटले की ‘पु’ ऱ्हस्व, आणि गा गा ल गा ल चे गा गा ल ल गा ल होते. प्रत्यय लागताच वजन ‘पू’वरून निघून ‘रा’वर जाते. शुद्धलेखनाचा हा नियम अनेकांना जाच वाटतो. लघु-गुरू मोजणाऱ्याला तो वजनाची हालचाल नोंदवणारा नियम आहे.

राहिला जोर. मी म्हटले की मराठीत जोर सौम्य आहे आणि त्यावर वजन ठरवू नये. पण ठासून बोलायचे झाले तर मराठी माणूस काय करतो? एक तर तो ‘च’ लावतो: ‘महाडलाच जायचे आहे’. किंवा तो वजन वाढवतो. ‘इतका’ चे ‘इत्तका’, ‘सगळा’ चे ‘सग्गळा’, ‘मोठा’ चे ‘मोट्ठा’. ‘सगळा’ बोलण्यात सग-ळा, चार मात्रा. ‘सग्गळा’ म्हणताना सग्-ग-ळा, पाच. व्यंजन दुप्पट केले, तुकडा मिटवला, एक मात्रा वाढली आणि तो जोर झाला. आपल्याकडे जोर वजनाच्या रूपानेच ऐकू येतो. मग व्याकरणकारांनी मिटण्याला ‘आघात’ हा शब्द का लावला असेल, तेही उमजते. त्यांना ऐकू आले ते बरोबर होते. त्यांनी दिलेले नाव मुलांना भलत्या दिशेला नेते. ‘आघात येतो का’ ऐवजी ‘मागचे अक्षर मिटते का’ असे पुस्तकात छापले तर नियम तोच राहील आणि वर्गातली चाळीसही मुले एका उत्तराला येतील.

म्हणून मराठी शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे. लगक्रमाचा अभ्यास काढून टाकू नका, पण त्याचा क्रम बदला. ओळ हातात येताच खुणा करायला बसवू नका. आधी ती मोठ्याने म्हणवून घ्या आणि उच्चारात जसे तुकडे पडतात तसे पाडू द्या. उघड्या ऱ्हस्व तुकड्याला एक मात्रा, दीर्घ उघड्याला किंवा ऱ्हस्व मिटलेल्याला दोन, दीर्घ असून मिटलेल्याला तीन, अशी बेरीज करू द्या. त्यानंतर लिहिलेल्या अक्षरांवर लघु-गुरूंच्या खुणा करून दुसरी बेरीज घ्या. सुरुवातीला ओळीसुद्धा नकोत, मुलांच्या ओळखीच्या गावांची नावे पुरतात. दोन्ही बेरजा जुळल्या तर पुढे जा. जुळल्या नाहीत तर चूक जवळजवळ नेहमी दोनच जागी सापडते. एखाद्या जोडाक्षराने मागचे अक्षर मिटवले नसताना ते गुरू धरले असेल, किंवा एखाद्या इकार-उकाराचे ऱ्हस्व-दीर्घ चुकले असेल. पहिल्या ठिकाणी कानाचे ऐका, दुसऱ्या ठिकाणी शुद्धलेखनाचे.